राखीव निधी सहा महिन्यांचा, पण महिना कोणता धरायचा?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेची मी यंदापासून खजिनदार आहे. नोकरी आयटीतली, त्यामुळे एक्सेल येतं, पण ट्रस्टचे हिशेब नवे आहेत. येरवडा, जनता वसाहत आणि आसपासच्या वस्त्यांमधून आमच्या पाच अभ्यासिका चालतात. एप्रिलपासूनचं अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर धर्मादाय कार्यालयात द्यायचंय, त्याआधी विश्वस्तांची बैठक आहे.

मागच्या बैठकीत ठरलं की आता राखीव निधीचं उद्दिष्ट लिहूनच ठेवू, "सहा महिन्यांचा खर्च". एकूण खर्च वर्षाला ७२ लाख, म्हणजे महिना सहा लाख, म्हणजे ३६ लाख. ३१ डिसेंबरला बँकेत सगळं मिळून ३१ लाख होते. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "झालंच की मग, पाचच लाख कमी आहेत."

मला हे पटत नाहीये. कारण गेल्या जुलैत पगाराला पैसे नव्हते आणि दोन विश्वस्तांनी हातउसने दिले होते. बँकेत पाच महिन्यांचा खर्च असणाऱ्या संस्थेवर अशी वेळ का यावी? सहा महिने हा आकडा बरोबर आहे का, आणि तो मोजायचा कसा?

सोसायटीचा_सेक्रेटरी

ताई, एवढा विचार करायची गरजच नाही. उपविधीत सगळं दिलंय. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी, दुरुस्ती निधी पाऊण टक्का, आणि नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आम्ही वीस वर्षं हेच करतोय. सभासद कुरकुरतात, पण लिफ्ट बदलताना कोणाच्या दारात जावं लागलं नाही.

मुठाकाठ

काका, धन्यवाद, पण आमची सोसायटी नाही, सार्वजनिक ट्रस्ट आहे. आमच्याकडे फ्लॅट नाहीत आणि मेंटेनन्स भरणारे सभासदही नाहीत.

सोसायटीचा_सेक्रेटरी

अच्छा. मी शीर्षकच वाचलं होतं.

सदाशिव_बारा

बँकेतून निवृत्त आहे, दोन ट्रस्टवर आहे, म्हणून सांगतो. तुमचा सहा महिन्यांचा विचार कायद्यातच बसत नाही. आयकर कायद्याप्रमाणे उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात. ठेवता येतात फक्त १५ टक्के. १५ टक्के म्हणजे किती, तर दोन महिनेसुद्धा नाहीत. त्यामुळे सहा महिन्यांचा निधी दाखवलात तर नोटीस आलीच म्हणून समजा. उगाच ठराव करून पायावर धोंडा पाडून घेऊ नका.

खतावणी

सदाशिवराव, ८५ टक्क्यांचं सूत्र बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकलाय. ते १५ टक्के *त्या त्या वर्षीच्या उत्पन्नाचे* असतात आणि त्यांना मुदत नसते. या वर्षीचे राहिले, पुढच्या वर्षीचे राहिले, असे साठत जातात. साठलेल्या रकमेवर महिन्यांची कमाल मर्यादा कुठेच नाही. फक्त ते पैसे कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणी हवेत: बँक, पोस्ट, सरकारी रोखे वगैरे. एखाद्या वर्षी १५ टक्क्यांहून जास्त ठेवायचे असतील तर ठरावीक उद्देश लिहून वेगळा अर्ज करावा लागतो आणि पाच वर्षांत त्याच उद्देशाला खर्च करावे लागतात. तिथे "आकस्मिक खर्च" असं मोघम लिहून भागत नाही. म्हणून राखीव निधीसाठी १५ टक्क्यांची वाटच बरी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे क्रमांक बदललेत, पण हे सूत्र तसंच आहे.

मुठाकाठ ताई, तुमचा प्रश्न मात्र वेगळाच आहे आणि चांगला आहे. मी ट्रस्टांची ऑडिटं करतो. "सहा महिने" हा आकडा बहुतेकांनी कुठूनतरी ऐकलेला असतो. बाहेर तीन ते सहा महिन्यांची रूढी आहे खरी, पण आपल्याला तीन हवेत की सहा हे ती रूढी सांगत नाही. भागाकार नीट केल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही. दोन गोष्टी द्या. एक, त्या ७२ लाखांत काय काय आहे. दोन, त्या ३१ लाखांत काय काय आहे.

मुठाकाठ

७२ लाखांत एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीवर चालणारा प्रकल्प ३९ लाखांचा आहे: शिक्षिकांचं मानधन, खोल्यांची भाडी, खाऊ, साहित्य. आमचा स्वतःचा खर्च २४ लाख: ऑफिस, तीन पूर्णवेळ माणसं, हिशेब, ऑडिट, फिरणं. घसारा २ लाख. वह्या, दप्तरं, जुने संगणक अशा वस्तुरूप देणग्या ४ लाखांच्या, त्या जमेलाही धरल्यात आणि खर्चालाही. आणि "राखीव निधीस वर्ग" ३ लाख.

३१ लाखांत सीएसआरचे न खर्चलेले ११ लाख आहेत, म्हणजे जानेवारी ते मार्चचा खर्च आणि राहिलेलं एक प्रशिक्षण. कॉर्पसची एफडी ९ लाख. ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढलेले साडेतीन. एका देणगीदाराने मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी दिलेले अडीच. उरलेले सेव्हिंगमध्ये.

खतावणी

तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत.

आधी खालचा आकडा. घसारा हा पुस्तकातला खर्च, त्यासाठी कोणाला चेक द्यावा लागत नाही. वह्या-दप्तरं देणग्या थांबल्या तर येणारच नाहीत, त्यांच्यासाठी पैसे साठवायची गरज नाही. आणि "राखीव निधीस वर्ग" ही रक्कम खर्चात धरून त्यावरच राखीव निधीचं उद्दिष्ट काढलंत तर निधीत जितकं जास्त टाकाल तितकं उद्दिष्ट पुढे पळेल. आपल्याकडच्या जमाखर्चाच्या सरकारी नमुन्यात, म्हणजे अनुसूची नऊमध्ये, ही ओळ खर्चाच्याच बाजूला छापलेली असते. त्यामुळे बेरीज जशीच्या तशी उचलणारा प्रत्येक जण इथे फसतो. हे नऊ लाख काढले की उरतात ६३ लाख. महिना सव्वापाच.

आता वरचा आकडा. सीएसआरचे ११ लाख तुमचे नाहीतच, मार्चपर्यंत संपणार किंवा परत जाणार. शिष्यवृत्तीचे अडीच त्या मुलींचे. ग्रॅच्युइटीचे साडेतीन तुमच्या माणसांचे, कधीतरी द्यायचेच आहेत. कॉर्पस देणगीदाराने मूळ रक्कम शाबूत ठेवायला दिलेला. हे २६ लाख बाजूला काढा. उरले पाच लाख. म्हणजे ३१ डिसेंबरला तुमच्याकडे पाच महिन्यांचा नाही, एक महिन्याचासुद्धा मोकळा पैसा नव्हता.

पण इथे थांबू नका. डिसेंबरची शिल्लक आणि जुलैची शिल्लक यात तुमच्यासारख्या संस्थेत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. देणग्या कोणत्या महिन्यात येतात आणि सीएसआरचा हप्ता कधी येतो, ते सांगा.

फडके_हौदाजवळ

मध्येच बोलतो. मी अशा दोन संस्थांना दरवर्षी देणगी देतो. मुलांना शिकवायला देतो, बँकेत ठेवायला नाही. अहवालात तीस-पस्तीस लाखांच्या एफडी दिसल्या तर मी पुढचा चेक ज्याच्याकडे काही नाही त्याला देईन. बाकी तुमचं चालू द्या.

डोंगरपायथा

फडके साहेब, मुळशीत आमचं मतिमंद प्रौढांचं निवासी केंद्र आहे. तिथे शिल्लक संपली तर आम्ही काय करायचं? अभ्यासिका महिनाभर बंद ठेवता येते, मुलं घरी असतात. आमच्याकडे चाळीस जणांना सकाळी नाश्ता लागतो, फिटची औषधं रोज लागतात आणि त्यातल्या अर्ध्या लोकांना परत न्यायला कोणी नाही. लॉकडाऊनमध्ये आमच्या देणग्या जवळपास थांबल्या आणि खर्च वाढला, कारण काळजीवाहकांना केंद्रातच ठेवून घ्यावं लागलं. तेव्हापासून आमचा नियम आहे: जेवण, औषधं आणि काळजीवाहकांचे पगार, एवढ्याच तीन गोष्टींचे नऊ महिने. बाकी ऑफिस, गाडी, रंगरंगोटी त्यात धरतच नाही. संपूर्ण खर्चावर काढलं तर ते साडेपाच महिने दिसतात. आकडा एकच, नाव वेगळं.

फडके_हौदाजवळ

तुमची गोष्ट निराळी. मी अभ्यासिकांबद्दल बोलत होतो.

मुठाकाठ

खतावणी सर, बसून महिन्यांप्रमाणे मांडलं. आमच्या स्वतःच्या देणग्या वर्षाला २७ लाख. त्यातले साधारण १६ लाख फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, करसवलतीच्या ८०जी पावतीसाठी. साडेपाच-सहा लाख दिवाळीच्या आसपास. बाकी सगळे महिने ६० हजार धरा.

सीएसआरचा नवीन वर्षाचा पहिला हप्ता ऑगस्टमध्ये येतो. कंपनीच्या बोर्डाची मंजुरी, मग करार, मग त्यांच्या वेंडर पोर्टलवर आमची सगळी कागदपत्रं नव्याने. एप्रिल ते जुलै अभ्यासिका आमच्या पैशांवर चालतात.

म्हणजे त्या चार महिन्यांत दरमहा प्रकल्पाचे सव्वातीन लाख आणि आमचे दोन लाख जातात, साठ हजार येतात. दरमहा ४ लाख ६५ हजारांचा खड्डा. जुलैअखेर १८ लाख ६० हजार!

खतावणी

आता डिसेंबरच्या पाच लाखांपासून पुढे चाला. जानेवारीत एक लाख चाळीस हजार कमी होतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये १६ लाख येतील, चार जातील. ३१ मार्चला मोकळे साधारण १५ लाख ६० हजार. ताळेबंद त्याच तारखेचा निघतो, त्यामुळे कागदावर तुमची संस्था तीन महिन्यांचा निधी बाळगून आहे असं दिसतं आणि सगळे खूश होतात. तिथून चार महिन्यांत १८ लाख ६० हजार उतरतात. म्हणजे येत्या ३१ जुलैला तुम्ही तीन लाखांनी उणे. गेल्या वर्षीचे हातउसने इथेच आले.

तुमच्या आकड्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस ३१ जुलै आहे. उद्दिष्ट त्या दिवसावरून उलटं मोजायचं. माझा सल्ला: वर्षातल्या सर्वांत खालच्या दिवशी तुमच्या स्वतःच्या खर्चाचे किमान दोन महिने, म्हणजे चार लाख, हातात राहिले पाहिजेत. म्हणजे ३१ मार्चला १८.६ अधिक ४, असे २२ लाख ६० हजार हवेत. सव्वापाच लाखांच्या महिन्याने ते सव्वाचार महिन्यांच्या आसपास येतात. ठरावात "३१ मार्च रोजी सव्वाचार महिने" लिहा, पण कंसात ३१ जुलैची किमान शिल्लकही लिहा. नाहीतर तीन वर्षांनी कोणालाच आठवणार नाही की सव्वाचार कुठून आले.

आणि हो, हातउसन्यांबद्दल. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ट्रस्टला कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची *आधी* परवानगी लागते, कलम ३६अ. तारण असो वा नसो. विश्वस्ताने प्रेमाने बिनव्याजी दिले तरी पुस्तकात ते कर्जच. एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढला तरी तेच. व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट असतं, म्हणून तो महिनाभराच्या खर्चावरही तरून जातो. आपल्याला तो दरवाजा बंद आहे, आणि जुलैच्या पगारासाठी धोले पाटील रोडवर अर्ज करून पगाराच्या तारखेपर्यंत परवानगी हातात पडेल अशी आशा कोणी धरू नये. म्हणून म्हणतो, खड्डा आपल्याच पैशांनी भरायला हवा.

सदाशिव_बारा

१५ टक्के साठतात हे मान्य, माझी समजूत वेगळी होती. पण मग सोपा उपाय सांगतो. येणाऱ्या सगळ्या देणग्यांच्या पावतीवर "कॉर्पस" शिक्का मारा. कॉर्पसला ८५ टक्क्यांची अट नाही. दोन वर्षांत निधी उभा.

खतावणी

शिक्का तुम्ही मारून भागत नाही, तसं देणगीदाराने लिहून द्यावं लागतं. विश्वस्तांनी मागाहून ठराव करून साधी देणगी कॉर्पस होत नाही, आणि तपासणीत पहिलं पत्र तेच मागतात. शिवाय समजा पत्रं मिळवलीत, तर तो पैसा जुलैत वापरणार कसा? कॉर्पसमधून केलेला खर्च त्या वर्षीच्या ८५ टक्क्यांत मोजला जात नाही. पाच वर्षांत परत भरलात तर भरलेल्या वर्षी मोजतात, त्यालाही अटी आहेत. ज्याला हात लावायचा आहे तो पैसा ज्याला हात लावायचा नाही त्या डब्यात कशाला ठेवता? सीएसआरचा पैसा तर कॉर्पसमध्ये घेताच येत नाही, कंपनी मंत्रालयाने २०२१ सालीच स्पष्ट केलंय.

मुठाकाठ

म्हणजे ३१ मार्चला २२.६ हवेत आणि १५.६ असणार. सात लाख कमी. वर्षाला आमची बचत तीन लाख, म्हणजे सव्वादोन वर्षांहून थोडं जास्त. अध्यक्षांच्या ३६ लाखांपर्यंत जायचं तर सात वर्षं लागली असती. हे बैठकीत सांगता येईल.

पण एक विचारायचं राहिलं. उत्पन्न ६६ लाख धरलं तर १५ टक्के म्हणजे जवळजवळ दहा लाख ठेवता येतात ना? मग तीनच का?

खतावणी

कायदा दहा ठेवू देतो, पण त्या ६६ मधले ३९ कंपनीचे आहेत आणि त्यांच्याशी झालेल्या करारात ते शंभर टक्के खर्च करायचेत. तुमच्या हातात फक्त २७ आहेत, त्यातून २४ चा खर्च. उरतात तीन. आयकराची मर्यादा तुमच्या आड येतच नाहीये, तुमची मिळकतच कमी पडतेय. बहुतेक लहान संस्थांचं असंच असतं आणि सगळे उगाच १५ टक्क्यांवर वाद घालत बसतात.

अजून एक बारीक गोष्ट तुमच्या सीएला विचारून ठेवा. मागच्या वर्षांच्या १५ टक्क्यांतून खर्च केला तर तो चालू वर्षाच्या ८५ टक्क्यांत धरत नाहीत, विवरणपत्रात तो वेगळा दाखवावा लागतो. तुटीच्या वर्षात सहसा अडचण येत नाही, कारण चालू उत्पन्न सगळं संपलेलंच असतं. पण तुमचा खड्डा जुलैत पडून मार्चपर्यंत भरून निघतो, तेव्हा त्याला निधीतून केलेला खर्च म्हणून नोंदवूच नका. तो वर्षातल्या वर्षात फिरलेला पैसा आहे.

हिंजवडी_फेज२

एका कंपनीच्या सीएसआर टीममध्ये काम करते, नाव सांगत नाही. वरचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे आणि ती कोणी विचारलेली नाही. ऑगस्टमध्ये हप्ता येतो तेव्हा कंपनी एप्रिल ते जुलैचा खर्च *मान्य करते* का?

आमच्याकडे लीगलचं म्हणणं असतं की कराराच्या तारखेआधीचा खर्च आमच्या प्रकल्पाचा नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये सही झाली तर ऑगस्टपासूनचीच बिलं. काही कंपन्या करारात "१ एप्रिलपासून लागू" घालतात, मग चार महिन्यांचा खर्च धरतात. ताईंच्या करारात काय आहे?

खतावणी

हा प्रश्न मीच आधी विचारायला हवा होता. ताई, करार उघडा.

मुठाकाठ

उघडला. गेल्या वर्षीच्या करारात "१ एप्रिल ते ३१ मार्च" असा कालावधी आहे, सही ऑगस्टमधली. त्यामुळे त्यांनी एप्रिलपासूनची बिलं घेतली. पण यंदा कंपनीचा माणूस बदललाय आणि नव्या मसुद्यात "effective from the date of execution" असं वाक्य आलंय. मी ते वाचून सोडून दिलं होतं.

हिंजवडी_फेज२

तेच ते. सही व्हायच्या आत बोला. "आधीच्या वर्षापासून चालू असलेला प्रकल्प आहे, कंपनीच्या वार्षिक कृती आराखड्यात एप्रिलपासून आहे" हे मेलवर लिहून द्या. आराखडा बोर्डाने मंजूर केलेला असतो, त्यावर बोट ठेवलं की आमच्यासारख्यांना लीगलशी भांडायला काहीतरी मिळतं. मिळेलच असं नाही.

खतावणी

आणि नाही मिळालं तर गणित पार बदलतं. तेरा लाखांचा खड्डा ऑगस्टमध्ये भरून येणार या भरवशावर मी सव्वाचार महिने सांगितले. ते परत येणार नसतील तर तो खड्डा नव्हे, थेट तूट आहे. राखीव निधी वर्षातून एकदा वापरायचा आणि परत भरायचा असतो. दरवर्षी तेरा लाख खाणाऱ्या तुटीला कितीही महिन्यांचा निधी पुरणार नाही, तुमची तीन लाखांची बचत धरूनही मार्चचे १५ लाख दोन वर्षांच्या आत संपतील. त्या परिस्थितीत उद्दिष्ट वाढवू नका, एप्रिल ते जुलैचा कार्यक्रमच कमी करा किंवा त्या चार महिन्यांसाठी वेगळा देणगीदार शोधा.

ओळखायचं कसं, तर दरवर्षी ३१ जुलै ते ३१ जुलै मोकळ्या पैशांची तुलना करा. खड्डा असेल तर आकडा तिथल्या तिथे राहतो किंवा बचतीएवढा वाढतो. तूट असेल तर दर जुलैत खाली सरकतो. मार्च ते मार्च बघितलंत तर देणग्यांच्या लाटेत कळत नाही.

वस्तीताई

मी अशाच एका अभ्यासिकेची पर्यवेक्षिका आहे, तुमच्या संस्थेची नाही. सगळे एप्रिल ते जुलै चार महिने सारखेच धरतायत. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळांना सुट्टी असते. वस्तीतली अर्धी मुलं गावाला जातात. आम्ही तेव्हा फक्त दोन तास वाचनखोली उघडी ठेवतो. खाऊ, साहित्य, सहल, रिक्षाभाडं सगळं थांबतं. तुमचा खर्चही कमी होत असणार.

मुठाकाठ

खरंच की. आमच्या सव्वातीन लाखांत मानधन दोन लाख दहा हजार, भाडी साठ हजार आणि बाकी पंचावन्न हजार. ते पंचावन्न हजार दीड महिना वाचले तर ऐंशी हजारांच्या वर. आणि सुट्टीत मानधन निम्मं केलं तर आणखी दीड लाखाहून जास्त. मग जुलैचा खड्डा सोळा लाखांच्या आसपास येतो.

वस्तीताई

मानधन निम्मं करू नका. हे मी सांगायलाच आले होते आणि तुम्ही नेमकं तेच उचललंत. आमच्याकडे एका वर्षी सुट्टीचं मानधन अर्धं केलं. जूनमध्ये पाचपैकी दोघी परत आल्या नाहीत. एक मॉलमध्ये लागली, एक घरकामाला. त्या वस्तीतली मुलं त्या बाईंना ओळखतात, म्हणून येतात. नवी बाई आली की पटावरची मुलं महिनाभर येत नाहीत, आणि मग तुमच्या कंपनीच्या अहवालात हजेरी खाली दिसते.

फडके_हौदाजवळ

हे मला पटलं. दोन महिने शिक्षिका टिकवायला पैसे ठेवलेत असं अहवालात सरळ लिहिलंत तर मी देईन. "राखीव निधी" एवढंच लिहिलंत तर नाही.

खतावणी

फडके, ताळेबंदाच्या नमुन्यात कॉर्पसखाली "इतर निर्धारित निधी" असा भाग असतो, तिथे राखीव निधी स्वतंत्र ओळीत येतो. खाली टीप द्यायला कोणी अडवलेलं नाही. पण बहुतेक ट्रस्ट सगळं एकत्र शिलकीत ठेवतात आणि मग देणगीदारालाही कळत नाही आणि विश्वस्तांनाही.

वस्तीताईंच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. खतावणीत मानधन निम्मं केल्याची बचत दिसते, जूनमध्ये गेलेल्या बाईंची किंमत दिसत नाही. तो निर्णय विश्वस्तांचा. मी असतो तर उद्दिष्टात पूर्ण मानधन धरलं असतं आणि फक्त खाऊ-साहित्याची बचत घेतली असती.

डोंगरपायथा

ठरावात निधी कोण काढणार तेही लिहा. आमच्याकडे आधी "विश्वस्तांच्या निर्णयाने" असं होतं. एका वर्षी त्यातून कुंपणाची भिंत बांधली गेली. भिंत गरजेची होती, पण पावसाळ्यात पगार लांबले. आता दोन ओळी आहेत: फक्त ठरलेल्या तीन खर्चांसाठी, आणि काढलेली रक्कम किती महिन्यांत परत भरणार ते त्याच ठरावात.

सदाशिव_बारा

आणि हे पैसे एकाच सहकारी बँकेत ठेवू नका, जास्त व्याजाच्या मोहाने. ठेव विमा एका बँकेत पाच लाखांपर्यंतच. पुण्यात रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच गेला. नऊ वर्षं लोक खेटे घालत होते. एवढं तरी माझं बरोबर आहे ना, खतावणी?

खतावणी

शंभर टक्के. त्यात एवढंच जोडतो की जुलैत लागणारा पैसा एका मोठ्या एफडीत नको. एप्रिल, मे, जून, जुलै अशा चार महिन्यांत मुदत संपणाऱ्या चार पावत्या करा, म्हणजे मोडायचा दंड नाही. आणि उरलेल्या चार लाखांची पावती वेगळी, तिला हात लावायला ठराव लागेल.

मुठाकाठ

आज कंपनीला मेल केला. उत्तर आलं, "लीगलला विचारून कळवतो." बैठक पुढच्या रविवारी आहे. तोपर्यंत कळलं नाही तर दोन तक्ते घेऊन जाईन: एक एप्रिलपासूनची बिलं धरली तर, एक सहीच्या तारखेपासून धरली तर. दुसऱ्यात जनता वसाहतीतल्या दोन अभ्यासिकांपैकी एक एप्रिल ते जुलै बंद ठेवावी लागेल असं दिसतंय. तसं लिहिलं तर आमचे अध्यक्ष भडकतील.

हिंजवडी_फेज२

लिहा. आणि तोच तक्ता कंपनीलाही पाठवा. एक केंद्र चार महिने बंद राहणार हे आमच्या साहेबांना आकड्यापेक्षा लवकर समजतं.

वस्तीताई

जनता वसाहतीतली कुठली? वरच्या अंगाची असेल तर ती बंद करू नका, तिथल्या मुलांना खाली यायला पायऱ्या खूप आहेत.